हृदयाचं ऑपरेशन झालेल्या मुलाबद्दल शाळेला पत्र: ‘काळजी घ्यावी’ एवढं लिहून भागत नाही

प्रश्न: माझ्या मुलाचं तो दहा महिन्यांचा असताना टेट्रालॉजी ऑफ फॅलोटचं ऑपरेशन झालं. आता दुसरीत आहे, ठणठणीत आहे. पीटीचे सर म्हणतात, काय चालेल आणि काय नाही ते लिहून द्या. पत्रात काय लिहू आणि किती लिहू?

उत्तर:

माझ्या मुलीचं हेच ऑपरेशन झालंय, ती अकरा महिन्यांची असताना. आता ती नऊ वर्षांची आहे. शाळेला मी आजवर दोन पत्रं दिली आणि पहिल्या पत्राने तिचं जवळजवळ अख्खं वर्ष बसून गेलं. म्हणून आधी तेच सांगते.

पहिलं पत्र दोन ओळींचं होतं. ‘मुलीला जन्मतः हृदयदोष होता, शस्त्रक्रिया झाली आहे. खेळताना कृपया काळजी घ्यावी.’ मला वाटलं, सभ्यपणे आणि थोडक्यात सांगितलं. पण मैदानावर चाळीस मुलं सांभाळणाऱ्या माणसाने ‘काळजी घ्यावी’ म्हणजे नेमकं काय करावं? उद्या काही झालं तर जबाब त्यालाच द्यायचाय. त्याने स्वतःपुरता सर्वांत सुरक्षित अर्थ काढला आणि तिला पायरीवर बसवलं. हातात स्टॉपवॉच दिलं. मला त्याचा पत्ताच नव्हता. सहा-सात महिन्यांनी ती दोन जिने चढून धापा टाकायला लागली तेव्हा मी घाबरून तिला तपासणीला घेऊन गेले. इको मागच्या वर्षीसारखाच. डॉक्टरांनी विचारलं, “शाळेत काय खेळते ही?” तिनेच उत्तर दिलं, “मी सगळ्यांची वेळ मोजते.”

हृदय होतं तिथेच होतं, दम गेला होता तो न खेळून.

दुसरं पत्र लिहिण्याआधी मी डॉक्टरांकडून चार गोष्टी समजून घेतल्या. तुम्हीही लिहायला बसण्याआधी त्या विचारा, कारण नाव एकच असलं तरी ऑपरेशननंतर प्रत्येक मुलाचं हृदय वेगळं असतं. फुफ्फुसाकडच्या झडपेतून गळती किती आहे, उजवा कप्पा किती मोठा झालाय, ठोक्यांच्या तपासणीत काही सापडलंय का, आणि व्यायाम-चाचणी केली असेल तर तिच्यात काय दिसलं. या ऑपरेशनमध्ये दोन कप्प्यांमधलं छिद्र पॅच लावून बंद करतात आणि फुफ्फुसाकडे जाणारी अरुंद वाट मोकळी करतात. ती वाट मोकळी करताना बऱ्याचदा झडप नीट राहत नाही. मग पुढे कित्येक वर्षं थोडं रक्त मागे येत राहतं आणि उजव्या कप्प्याला तेच रक्त पुन्हा ढकलावं लागतं. दुसरं म्हणजे, जिथे स्नायू कापला-शिवला तिथे व्रण राहतो आणि अशा व्रणातून क्वचित ठोक्यांची लय बिघडू शकते. शाळेला जे काही सांगायचं ते या दोन गोष्टींतूनच निघतं.

माझ्या मुलीची गळती मध्यम आहे, उजवा कप्पा थोडा मोठा आहे आणि ठोके नियमित आहेत. त्यावरून लिहिलेलं पत्र असं:

‘मा. मुख्याध्यापिका, वर्गशिक्षिका व क्रीडाशिक्षक यांस,

आमच्या मुलीच्या हृदयातला जन्मजात दोष ती अकरा महिन्यांची असताना शस्त्रक्रियेने दुरुस्त केला आहे. सध्या तिला कोणतंही औषध चालू नाही. दरवर्षी तपासणी होते. या वर्षीच्या तपासणीनंतर डॉक्टरांनी दिलेली सही-शिक्क्याची चिठ्ठी सोबत जोडली आहे.

तिने पीटीच्या प्रत्येक तासाला मैदानावर असावं. धावणं, पकडापकडी, चेंडूचे खेळ, सायकल, पोहणं, नाच हे सगळं ती इतरांबरोबर करू शकते. छातीवरचा व्रण जुना आहे, हाड पूर्ण भरलं आहे, चेंडू लागला तर इतर मुलांइतकंच दुखेल.

ती “थांबते” म्हणाली की लगेच थांबू द्यावं. कारण विचारू नये, अजून एक फेरी मार असा आग्रह करू नये. दोन-चार मिनिटांत ती स्वतःहून परत येते. वेळ लावून पळवायची आणि गुण द्यायची चाचणी असेल तर तिच्या वेळेला गुण न देता सहभागाला द्यावेत.

रस्सीखेच, दोरावर लोंबकळणं आणि दमेपर्यंत जोर काढणं एवढंच तिला नको.

पळताना किंवा पळून थांबल्याबरोबर ती बेशुद्ध पडली, तर ते साधी चक्कर समजू नये. आधी रुग्णवाहिका बोलवावी, मग आम्हाला फोन करावा. श्वास नीट चालत नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करावी आणि हृदयाला विजेचा झटका देणारं एईडी यंत्र शाळेत असेल तर आणायला पाठवावं. खेळताना छातीत दुखलं, छाती एकदम जोरात धडधडायला लागली किंवा चक्कर येते असं ती म्हणाली, तर खेळ थांबवून तिला बसवावं आणि त्याच दिवशी आम्हाला कळवावं. बसल्यावरही ते थांबलं नाही तर रुग्णवाहिका बोलवावी.

हे पत्र पुढच्या वार्षिक तपासणीपर्यंत लागू आहे.’

एवढंच. एक पान. चौदा पानांची फाइल जोडायचा मोह मला झाला होता, पण ती कोणी वाचत नाही, आणि जो वाचतो तो घाबरतो.

आता यातल्या दोन-तीन जागांबद्दल, कारण शब्द बदलले की अर्थ बदलतो.

मी पत्रात आजाराचं नाव मुद्दाम लिहिलं नाही. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीत आहे. पहिल्या वर्षी वर्गशिक्षिकेने ते नाव शोधून वाचलं होतं आणि जे सापडलं ते ऑपरेशन न झालेल्या बाळांबद्दल होतं: ओठ निळे पडतात, मूल खेळता खेळता उकिडवं बसतं. उकिडवं बसल्यावर पायातल्या रक्तवाहिन्या दबतात, अंगातला दाब वाढतो आणि थोडं जास्त रक्त फुफ्फुसाकडे वळतं, म्हणून ती मुलं आपसूक तसं बसतात. त्यानंतर एक दिवस मुलगी मैदानाच्या कडेला बुटाची नाडी बांधायला उकिडवी बसली आणि मला कामावर फोन आला, “लगेच या.” मी धावत पोचले तर बाई तिला मांडीवर घेऊन वारा घालत होत्या आणि ही एक बूट हातात धरून माझ्याकडे बघत होती. बाईंची चूक नव्हती. तुम्ही नाव लिहिणार असाल तर त्याच वाक्यात ‘दुरुस्त झालेला’ हा शब्द आणि ऑपरेशनचं वर्ष लिहा. आणि तुमचा मुलगा आज खरंच कधी निळा पडत असेल तर ते शाळेला कळवण्याआधी डॉक्टरांना कळवायचं आहे, कारण पूर्ण दुरुस्तीनंतर तसं होणं अपेक्षित नसतं.

‘थांबते म्हणाली की थांबू द्या’ हे वाक्य सगळ्यांत जास्त कामी आलं. सरांनी विचारलं, “ती दमलीये हे मी कसं ओळखू?” त्यांना एक साधी खूण सांगितली. पळता पळता तिला एक पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग ठीक आहे. एकेका शब्दाला श्वास घ्यावा लागत असेल तर ती जोर लावतेय, आता थोडं हळू. पण दमणं आणि पळताना कोसळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकाच परिच्छेदात लिहू नका. दमलेलं मूल हळू होतं, थांबतं, कमरेवर हात ठेवतं. लय बिघडली तर मूल धावता धावता मध्येच पडू शकतं. सकाळी उपाशीपोटी रांगेत उभं राहून चक्कर येणं कोणत्याही मुलाला होतं, तेही मला कळवा असं मी तोंडी सांगितलंय, पण रुग्णवाहिका त्यासाठी नाही.

रस्सीखेचीची बंदी तुमच्या मुलाला लागू असेलच असं नाही. श्वास कोंडून जोर लावला की दाब एकदम वाढतो आणि माझ्या मुलीचा कप्पा आधीच मोठा आहे, म्हणून तिच्या डॉक्टरांनी ती घातली. गळती थोडी आणि कप्पा नॉर्मल असेल तर तुमचे डॉक्टर कदाचित म्हणतील, खेळू द्या. मग उगाच लिहू नका. पत्रातली प्रत्येक बंदी शाळेत गेल्यावर दुप्पट होते. उलट पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करायचं औषध चालू असेल, तर चेंडूबद्दल मी जे बिनधास्त लिहिलंय ते तुम्ही लिहायचं नाही. तिथे धक्काबुक्कीच्या खेळांबद्दल डॉक्टरांना वेगळं विचारा. शाळेच्या संघातून स्पर्धेत उतरायचं म्हणत असेल तरीही वेगळी तपासणी लागते. पीटीच्या तासाची परवानगी त्याला पुरत नाही.

तापाबद्दल पत्रात काही लिहू नका, ते घरचं काम आहे. शाळेने कळवायचं इतकंच. ज्याचं कारण कळत नाही असा ताप रेंगाळला तर आपल्या मुलांच्या बाबतीत अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताची कल्चर तपासणी लागते, हे मात्र तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना माहीत असू द्या.

पत्र हातात देऊन निघून येऊ नका. मी सरांसमोर बसून ते वाचलं, दहा मिनिटं लागली आणि त्यांचे खरे प्रश्न तेव्हाच बाहेर आले. तरीही एक भोक राहिलं होतं. सर रजेवर गेले, बदली शिक्षक आले आणि मुलगी पुन्हा पायरीवर. तिनेच घरी येऊन सांगितलं. आता पत्राची एक प्रत पीटीच्या हजेरीपटाच्या आत चिकटवलेली आहे. दर वर्षी तपासणी झाली की जुनी काढून नवी लावते. गळती वाढली किंवा पुढे झडप बदलायची वेळ आली तर त्यातली वाक्यं बदलतील. ऑपरेशननंतर छातीचं हाड भरेपर्यंतचे सुरुवातीचे काही आठवडे तर ‘चेंडू लागला तरी चालेल’ हे वाक्य मी स्वतःच खोडणार आहे.