पाझर तलावाचा ‘गळका तलाव’ होतो तेव्हा

“ताई, मुलगी दहावीत आहे. जलसुरक्षेचा प्रकल्प नेटवरून उतरवला म्हणून बाईंनी परत दिला. ‘स्वतःच्या शब्दांत लिही’ म्हणतात. पण माहिती तर तीच असते, मग शब्द वेगळे कुठून आणायचे?”

सहामाही संपली की हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी येतंच. ज्या मुलीच्या आईने तो विचारला तिला इथे रेवा म्हणू. तिचा विषय होता हिवरे बाजार, अहिल्यानगर जिल्ह्यातलं कमी पावसाचं गाव. प्रकल्प परत आल्यावर तिने दुसरा खर्डा केला होता. मूळ वाक्य काहीसं असं: ‘समतल चर व पाझर तलावांच्या माध्यमातून भूजल पातळीत लक्षणीय वाढ झाली.’ रेवाचं वाक्य: ‘सपाट खड्डे आणि गळके तलाव यांच्या साहाय्याने जमिनीखालच्या पाण्यात मोठी वाढ झाली.’

आईला हसू आवरेना. मला मात्र त्या ‘गळक्या तलावा’ने सगळं सांगून टाकलं. वाक्याचा सांगाडा तसाच ठेवून एकेक शब्द बदलला की नक्कल लपत नाही आणि वर अर्थही बिघडतो; पाझर तलाव बिघडून गळत नसतो, पाणी जमिनीत मुरावं म्हणूनच तो बांधतात. पाझर तलाव, समतल चर, पाणलोट हे त्या विषयाचे ठरलेले शब्द आहेत; ते, नावं आणि आकडे बदलायचेच नसतात. बदलायची असते ती मांडणी, आणि गोष्ट कळल्याशिवाय ती बदलता येत नाही.

“समतल चर म्हणजे काय गं?”

“सपाट चर.”

“डोंगरउतारावर सपाट कसा?”

ती गप्प. मी तिची वही टेबलावर तिरकी धरली. “हा डोंगर. पाऊस पडला. पाणी कुठे जाईल?”

“खाली पळेल. माती घेऊन.”

“आता पेनाने एक रेघ अशी काढ, की तिच्यावरचा प्रत्येक बिंदू सारख्याच उंचीवर राहील.”

तिने आडवी रेघ ओढली, क्षणभर थांबली आणि म्हणाली, “अच्छा! पाणी पळू नये म्हणून उताराला आडवी खाच खणायची. पाणी तिथे अडतं आणि जमिनीत मुरतं. म्हणून विहिरीला पाणी येतं!”

“आता जे बोललीस तेच लिही.”

“एवढं साधं चालेल?”

मुलांना वाटतं, प्रकल्पाची भाषा जड असायला हवी, आणि जड भाषा त्यांच्याकडे नसते म्हणून ती उसनी आणतात. इतक्या वर्षांत नुसत्या आळसापोटी नक्कल करणारी मुलं मला फार थोडी भेटली.

पुढच्या दोन भेटींत आम्ही एकच पद्धत घोटली. आधी एक प्रश्न ठरवायचा. ‘हिवरे बाजारची माहिती’ हा प्रश्न नव्हे. ‘पाऊस कमी असूनही पाणी पुरतं कसं?’ हा प्रश्न आहे. त्याला लागेल तेवढंच वाचायचं, एका वेळी एक परिच्छेद, पेन खाली ठेवून. मग फोन पालथा घालून आजीला सांगायचं. आजी “म्हणजे काय?” म्हणाली की तिथे आपल्याला कळलेलं नाही, परत वाचायचं. सांगून झालं की लगेच चार-पाच ओळी लिहायच्या. फोन उघडायचा तो सगळ्यात शेवटी, तपासायला.

ही तपासणी मुलं हमखास गाळतात. रेवाने आठवणीने लिहिलं, ‘गावात बोअरवेलला बंदी आहे.’ परत पाहिलं तर बंदी शेतीसाठीच्या बोअरवेलला होती. तपासताना भाषाही बघायची. नावं आणि ठरलेले शब्द सोडून सलग पाच-सहा शब्द मूळाशी जुळले, तर ते वाक्य पुन्हा आजीकडे न्यायचं. (पाच-सहा हा माझा अंदाजाचा आकडा, नियम नाही.) एखादं वाक्य जसंच्या तसं हवंच असेल तर अवतरणचिन्हांत घालून कुणाचं ते लिहायचं. स्वतःच्या शब्दांत लिहिलं तरी माहिती कुठून घेतली ते सांगावंच लागतं, म्हणून संकेतस्थळाचं नाव आणि पाहिल्याची तारीख वाचतानाच समासात टिपायची. नंतर ती सापडत नाही.

एकाच पानावरून लिहिलं की मुद्द्यांचा क्रमही त्याच पानाचा येतो, आणि बाईंना तो लगेच ओळखू येतो. म्हणून दोन ठिकाणी वाचायचं आणि क्रम आपल्या प्रश्नाचा ठेवायचा. रेवाने पाण्याचा ताळेबंद आधी घेतला: पावसाळा संपला की गाव उपलब्ध पाण्याचा हिशेब मांडतं, माणसं-गुरांच्या पिण्याचं बाजूला ठेवतं आणि उरलेल्यावर पिकं ठरवतं. चर त्यानंतर आले.

शेवटचं पान कुठल्याच संकेतस्थळावर नव्हतं. तिने वॉचमनकाकांच्या वहीतून सोसायटीत एप्रिलमध्ये आलेले टँकर मोजले, दहा हजार लिटरचा एक याप्रमाणे गुणले आणि खाली लिहिलं, ‘आमच्याकडे ताळेबंद नाही, फक्त बिल आहे.’