इंग्रजीत ‘फॉर ऑल इंटेन्सिव्ह पर्पजेस’ लिहिणं चूकच ना? मग इतके लोक तसं का लिहितात?

आज तरी चूकच. मूळ शब्द ‘इंटेन्ट्स अँड पर्पजेस’. हा आठव्या हेन्रीच्या काळातल्या कायद्याच्या भाषेतून आलेला जोड, अर्थ ‘व्यवहारात तेच’.

भरभर बोलून बघा. ‘इंटेन्ट्स’मधला मधला ‘ट’ गळतो, ‘अँड’चा नुसता ‘न्’ उरतो आणि कानावर पडतं ‘इंटेन्सन्पर्पजेस’. ‘इंटेन्ट्स’ हे अनेकवचन एरवी फारसं भेटत नाही, ‘इंटेन्सिव्ह’ मात्र ओळखीचा. कान ओळखीचं तेच उचलतो. उच्चार जवळजवळ सारखाच, त्यामुळे बोलताना कुणी टोकत नाही. चूक कागदावर उतरल्यावरच दिसते. स्पेलचेकरही गप्प, कारण प्रत्येक शब्द सुटा बरोबर असतो!

अशा चुकांना ‘एगकॉर्न’ म्हणतात. कुणीतरी ‘एकॉर्न’ला, म्हणजे ओक झाडाच्या फळाला, ‘एग कॉर्न’ म्हणत होतं, त्यावरून 2003 साली भाषातज्ज्ञ जेफ्री पुलम यांनी हे नाव सुचवलं.

पण प्रत्येक एगकॉर्न चूकच राहतं असं नाही. ‘ब्राइडग्रूम’ घ्या. जुन्या इंग्रजीत तो ‘ब्रिडगुमा’ होता, ‘गुमा’ म्हणजे पुरुष. तो शब्द वापरातून गेला, शेपूट निरर्थक झालं, मग सोळाव्या शतकात लोकांनी तिथे ओळखीचा ‘ग्रूम’, म्हणजे तेव्हाच्या अर्थाने पोरगा किंवा नोकर, बसवला. आज त्याला कुणी चूक म्हणत नाही, कारण जुनं रूप उरलंच नाही. ‘इंटेन्ट्स अँड पर्पजेस’ मात्र अजून रोजच्या छापील मजकुरात जिवंत आहे, शिवाय ‘तीव्र हेतूंसाठी’ या अर्थाने वाक्य जुळतही नाही. अर्जात, अहवालात संपादक लाल रेघ मारणारच.