संतोषाधिक्य काढताना काय कशातून वजा करायचं?

प्रश्न: हापूसच्या पहिल्या डझनाला मी ९०० रुपयेही दिले असते. ५०० ला मिळाला म्हणून तीन डझन घेतले. मग माझं संतोषाधिक्य ४०० गुणिले ३, म्हणजे १२०० रुपये झालं का?

उत्तर:

नाही. संतोषाधिक्य म्हणजे एखाद्या वस्तूला तुम्ही जास्तीत जास्त जेवढे दिले असते, त्यातून प्रत्यक्ष दिलेले वजा करून उरतं ते. आणि ४०० चा फरक फक्त पहिल्या डझनाचा आहे. घरात एक डझन येऊन पडला की दुसऱ्याची ओढ कमी होते, तिसऱ्याची आणखी कमी. म्हणून दर डझनाला वेगळं विचारायचं: एवढे घरात असताना पुढच्यासाठी जास्तीत जास्त किती देईन?

समजा तुमची उत्तरं ९००, ७००, ५५० आणि चौथ्याला ४०० अशी आली. भाव ५००. पहिल्यावर ४००, दुसऱ्यावर २००, तिसऱ्यावर ५० सुटले. एकूण ६५० रुपये. चौथा तुम्ही घेतलाच नाही, त्यामुळे त्याचे उणे १०० हिशेबात धरायचे नाहीत. (ही चूक परीक्षेत हमखास दिसते.)

आता भाव ३५० वर आला, तर चौथाही घ्याल. आधीच्या तीन डझनांवर प्रत्येकी १५० म्हणजे ४५० वाढले आणि चौथ्यावर ५०. संतोषाधिक्य ११५० झालं. म्हणजे स्वस्ताईचा मोठा वाटा तुम्ही तसेही घेणार होता त्याच आंब्यांवर मिळाला. पुस्तकातलं ‘अर्धा गुणिले पाया गुणिले उंची’ हे त्रिकोणाचं सूत्र मागणीची रेषा, म्हणजे कोणत्या भावाला किती घ्याल हे दाखवणारी रेषा, सरळ असेल तरच चालतं. इथे सरळ बेरीज करा.

आणखी एक गफलत म्हणजे छापील किमतीतून दिलेली किंमत वजा करणं. १००० खोडून ६०० लिहिलेला शर्ट तुम्ही ६५० च्या वर घेतलाच नसता, तर संतोषाधिक्य ५० रुपयेच. ‘४०० वाचले’ हा दुकानदाराचा हिशेब.

‘किती दिले असते’ हे लोकांना विचारलं तर उत्तर फारसं भरवशाचं नसतं, कारण खिशातून काही जात नाही. म्हणून वागणुकीतून ते काढतात. २०१६ साली अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञांनी उबरच्या नोंदी वापरून हे छान केलं. गर्दीच्या वेळी भाडं किती पट वाढवायचं हा आकडा उबर आतमध्ये बारीक दशांशांपर्यंत काढत असे, पण प्रवाशाला एकाच दशांशापर्यंत दाखवत असे. त्यामुळे १.२४९ निघाला तर १.२ पट, १.२५१ निघाला तर १.३ पट. दोन्हीकडे गर्दी जवळपास तीच, फरक फक्त भाड्यात. वरच्या भाड्याला किती जणांनी गाडी बोलावणं टाळलं, हे पाहून मागणीचा वक्र उभा राहिला. प्रवाशांनी भरलेल्या दर डॉलरमागे साधारण १.६० डॉलरचं संतोषाधिक्य निघालं.

हा आकडा मात्र अॅप उघडून बसलेल्या, निघायच्या घाईतल्या माणसाचा आहे. उबर कायमचं बंद झालं असतं तर लोकांनी हळूहळू दुसरी सोय लावली असती, आणि तोटा एवढा भरला नसता.