पेरॉन-फ्रोबेनियस: आधी हाताने गुणून पाहा

पेरॉन-फ्रोबेनियस प्रमेय सांगतं: मॅट्रिक्समध्ये ऋण घटक नसतील आणि तिचा एखादा घात पूर्ण धन असेल, तर तिला एकच धन आयगेनव्हेक्टर असतो आणि गुणत गेलं की रचना त्याच्याकडेच जाते. त्याच्या सिद्धतेला इतक्यात हात घालू नका. आधी दोन वयोगटांच्या माद्या घ्या. पहिल्या वर्षातली प्रत्येक मादी सरासरी 1 मुलगी देते, दुसऱ्या वर्षातली 4, आणि पहिल्यातल्या निम्म्याच दुसऱ्यात पोचतात:

```
A = [1    4]
    [0.5  0]
```

(100, 0) पासून गुणत जा: (100, 50), (300, 50), (500, 150), (1100, 250), (2100, 550). दोन गटांचं गुणोत्तर 2, 6, 3.33, 4.4, 3.82 असं हेलकावे घेत 4 कडे जातं. (4, 1) हाच तो धन आयगेनव्हेक्टर. त्याची आयगेनव्हॅल्यू 2, म्हणजे संख्या अखेर दरवर्षी दुप्पट. दुसरी आयगेनव्हॅल्यू -1 आहे, हेलकावे तिचेच. तिच्या व्हेक्टरमध्ये, (-2, 1) मध्ये, चिन्हं मिसळलेली असतात, त्यामुळे तो लोकसंख्येची रचना असूच शकत नाही.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका:

- शून्य दिसलं की प्रमेय लागू नाही असं समजणं. A² काढा: त्यात 3, 4, 0.5, 2, सगळे धन. तेवढं पुरतं.
- शून्य कुठेही चालतं असं समजणं. वरच्या 1 च्या जागी 0 ठेवा: (100, 0), (0, 50), (200, 0)... रचना कधीच स्थिरावत नाही.
- संगणकाने आयगेनव्हेक्टरचे दोन्ही घटक ऋण दिले की घाबरणं. -1 ने गुणा, बेरजेने भागा: 80% आणि 20%.