‘तू गेल्यावर हे कोण बघणार?’

*“आमचं तालुक्याच्या गावी तीस वर्षांचं किराणा दुकान आहे. मी पुण्यात नोकरी करतो. दुकानाची वेबसाइट करावी असं बाबांना दोन वर्षं सांगतोय. विषय काढला की पाचव्या मिनिटाला भांडण होतं. त्यांना पटवायचं कसं?”*

तुमच्यासारखंच एक प्रकरण गेल्या वर्षी माझ्याकडे आलं होतं. घरच्यांच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा बदलून ते सांगतो. मुलगा पुण्याहून आला होता, वडील कृष्णाकाठच्या एका गावातून. वडील येताना दुकानाची किल्ली खिशात घेऊनच आले होते आणि तासभर ती बोटांत फिरवत होते. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं, त्यातलाच वेळ त्यांनी मला दिला होता.

मुलाने लॅपटॉप उघडला. कुठल्याशा एजन्सीकडून त्याने पंधराशे वस्तूंची यादी, फोटो आणि ‘कार्टमध्ये टाका’ची बटणं असा नमुना करून घेतला होता. वडिलांनी पडद्याकडे पाहिलंही नाही. मी लॅपटॉप मिटायला सांगितला आणि दोघांना एक नियम घालून दिला: समोरचा जे बोलला ते आधी आपल्या शब्दांत परत सांगायचं, तो “हो, हेच” म्हणाला की मगच आपलं बोलायचं. कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने सुचवलेली ही युक्ती आहे. ऐकायला पोरखेळ वाटते, पण करायला बसलं की घाम फुटतो.

झालेलं बोलणं माझ्या वहीत आहे, ते जवळजवळ जसंच्या तसं देतो.

“अण्णा, आजकाल लोक आधी मोबाइलवर बघतात. आपण तिथे नसलो की नसल्यातच जमा.”

“म्हणजे तुझं म्हणणं, मी जुना झालो.”

“असं कुठे म्हणालो मी?”

“मग परत सांग काय म्हणालास ते.”

(नियम मुलासाठी अवघड जाईल असं मला वाटलं होतं. वडिलांनी तो आधी उचलला.)

“गिऱ्हाइकाला आपण सापडत नाही, एवढंच म्हणतोय.”

“सापडत नाही? तीस वर्षं तेच गिऱ्हाईक येतंय. आणि भाव लिहिणार म्हणतोस. डाळीचा सकाळचा भाव संध्याकाळी राहत नाही. बाजारपेठेतला दुसरा दुकानदार रोज तुझं पान उघडून बघेल आणि किलोमागे दोन रुपये कमी लावेल.”

“म्हणजे तुम्हाला भाव उघडे पडायची भीती आहे.”

“हो. आणि दुसरं. साबण, बिस्किटं, चहाची पाकिटं मोठ्या मॉलवाले छापील किमतीखाली विकतात. त्यांच्या शेजारी माझा भाव मांडून मीच माझी अब्रू घालवायची?”

इथे मुलगा गप्प झाला. हा मुद्दा त्याच्या डोक्यातच आला नव्हता. थोड्या वेळाने त्याने तो परत सांगितला. मग वडील म्हणाले, “हेच. आणि तिसरं. तू सोमवारी पुण्याला गेलास की हे कोण बघणार?”

मुलाने उत्तर दिलं, “फोनवरून बघेन मी.” वडिलांनी किल्ली फिरवायची थांबवली. दोन वर्षांची सगळी भांडणं या एका प्रश्नावरची होती. वडील हा प्रश्न वेबसाइटबद्दल विचारत होते आणि दुकानाबद्दलही, आणि मुलगा मात्र दर वेळी फक्त वेबसाइटचं उत्तर देत होता. मी त्याला तेवढंच विचारलं, “दुकान चालवायला परत यायचा विचार आहे का?” तो म्हणाला, नाही. हे त्याने वडिलांसमोर कधी बोलून दाखवलं नव्हतं. वडील म्हणाले, “मला माहीत आहे रे. तू बोलत नव्हतास, एवढंच.” त्यानंतर आवाज चढले नाहीत.

तुम्हीही पटवायला निघण्याआधी हे स्वतःशी ठरवा. परत यायचं नसेल तर तसं सांगून टाका, आणि वेबसाइट अशी करा की तुमच्याशिवाय तिचं अडणार नाही.

मी त्यांना एक काम दिलं. पंधरा दिवस गल्ल्याजवळ एक कोरी वही ठेवायची आणि दुकानाच्या फोनवर कोण काय विचारतं, ते एका ओळीत लिहायचं. लिहायचं वडिलांनीच. वही भरून आली तेव्हा निम्म्याहून जास्त फोन दोनच प्रकारचे निघाले. एक, दुकान आज उघडं आहे का, दुपारी किती वाजता उघडता. दुसरे फोन बाहेरगावचे. पुणे, मुंबई, बंगळूरला गेलेली गावचीच मुलं: आईला इंद्रायणी पाठवा, चकलीची भाजणी तयार झाली का, पैसे आत्ता मोबाइलवरून टाकतो. अशा प्रत्येक फोनला गिऱ्हाईक समोर उभं असताना पाच-सहा मिनिटं जात होती. एका पानावर वडिलांनी नोंद केली होती: “फोनवर होतो, तेल घ्यायला आलेली बाई निघून गेली.”

मुलगा महिनोन्‌महिने जे सांगत होता, ते या ओळीने सांगितलं.

मग पंधराशे वस्तूंचा बेत आपोआप मागे पडला. पाकिटबंद माल पानावर टाकायचाच नाही असं ठरलं, कारण तिथे मॉलशी टक्कर घेता येत नाही. राहिल्या एकवीस वस्तू. निवडून दिलेली डाळ, सुट्टा तांदूळ, घरची भाजणी, मेतकूट, मसाला. मॉलमध्ये ज्या मिळत नाहीत, आणि ज्यांवर सुटतंही जास्त. भाव लिहिलेच नाहीत. ‘आजचा भाव विचारा’ असं बटण ठेवलं, ते दाबलं की व्हॉट्सअ‍ॅप उघडतं. गर्दी ओसरली की वडील एकदम सगळ्यांना उत्तरं देतात. पैसे यूपीआयवर येतात आणि माल नेहमीचा पोऱ्याच सायकलवर पोचवतो. कार्ट, पासवर्ड असलं काही नाही.

मजकूर मुलाने लिहून घेतला, सांगितला वडिलांनी. “नवा इंद्रायणी असेल तर पाणी कमी घाला, नाहीतर गिजगा होतो. मोकळा भात हवा असेल तर कोलम न्या.” असं पान एजन्सीला लिहिता आलं नसतं.

वेळा मात्र वेबसाइटपेक्षा गूगलच्या नकाशावर बरोबर असणं जास्त महत्त्वाचं. ती नोंद फुकट होते. ही दुकानं दुपारी मिटतात आणि आठवड्यातून एक दिवस बंद असतात, ते तिथे भरलं नाही तर माणूस उन्हात बंद शटरपुढे उभा राहतो आणि दोष दुकानाला लागतो.

एक चूक टाळा. या घरात ती होता होता राहिली. एजन्सीने वेबसाइटचं नाव स्वतःच्या खात्यावर घेतलं होतं. त्याचं वर्षाला भाडं भरावं लागतं. एजन्सीने गाशा गुंडाळला किंवा भरायला विसरली, तर तीस वर्षांच्या दुकानाचं नाव हातचं जातं. ते वडिलांच्या नावावर आणि दुकानाच्या मोबाइल क्रमांकावर करून घ्यायला लावलं. दीड महिना गेला त्यात.

उधारीबद्दल पानावर काय लिहायचं यावर पुन्हा थोडी चकमक झाली. मुलाला ‘उधार बंद’ लिहायचं होतं. वडील म्हणाले, ज्यांची खाती आहेत त्यांना ते वाचून काय वाटेल? त्या विषयावर एक अक्षर लिहायचं नाही, असं ठरलं.

गेल्या दिवाळीआधी वडिलांचा फोन आला होता. भाजणी दोन वेळा दळावी लागली म्हणाले. खतावणीच्या पहिल्या पानावर, श्री लिहितात त्याच्या खाली, वेबसाइटचं भाडं भरायची तारीख त्यांनी लाल शाईने लिहून ठेवली आहे.