पाच टक्क्यांची टाकी आणि सोमवारची अर्धी बादली

प्रश्न : बंद सर्किटच्या गरम पाण्याच्या सिस्टीमला एक्स्पान्शन टँक किती लिटरचा लागतो? आमचा व्हेंडर म्हणतो, सिस्टीममध्ये जेवढं पाणी आहे त्याच्या पाच टक्के धरा, झालं काम. हे बरोबर आहे का?

उत्तर :

बैठ्या घराला कदाचित बरोबर, चार मजल्यांच्या इमारतीला चूक. याच पाच टक्क्यांनी माझा एक अख्खा पावसाळा खाल्ला आहे, म्हणून लिहायला बसलो.

गोव्यात हीटिंग कशाला, असं कुणी म्हणायच्या आत सांगतो. मी वेर्ण्याला एका औषध कारखान्यात युटिलिटी सांभाळायचो. जुलैत बाहेरची हवा पिळली तर पाणी गळेल अशी असते. ती आत घेताना आधी थंड करून तिच्यातलं पाणी काढतात आणि मग गरम पाण्याच्या कॉइलवरून नेऊन परत थोडी तापवतात. त्या कॉइलना ८० अंशांचं पाणी पुरवणारं बंद सर्किट आमच्याकडे होतं. पाणी अंदाजे २००० लिटर, प्लँटरूम तळमजल्यावर, सगळ्यात उंच कॉइल १५ मीटर वर. सेफ्टी व्हॉल्व्ह ४ बारचा, म्हणजे दाब तिथवर गेला की तो उघडून पाणी बाहेर सोडणार. तापलं की पाणी फुगतं, ते वाढलेलं पाणी सामावायला कंत्राटदाराने टाकी दिली होती १०० लिटरची. २००० चे पाच टक्के.

रविवारी कारखाना बंद, पाणी गार. सोमवारी सकाळी तापवायला घेतलं की तासाभरात सेफ्टी व्हॉल्व्ह फुरफुरायचा आणि खाली फरशीवर पाणी. पहिले दोन-तीन सोमवार आम्ही पुसून टाकलं. मग व्हॉल्व्हच्या सीटवर कचरा बसला आणि तो आठवडाभर ठिबकायला लागला. जितकं ठिबकेल तितकं मेकअप लाइनमधून आपोआप भरलं जात होतं, त्यामुळे गेजवर काही कळत नव्हतं. कळलं ते स्ट्रेनर, म्हणजे पाइपातली गाळणी, उघडला तेव्हा. आत काजळीसारखा काळा चिखल. बंद सर्किटमधलं तेच पाणी फिरत राहिलं तर त्यातला ऑक्सिजन एकदाच लोखंड खातो आणि संपतो. ताजं पाणी येत राहिलं की त्याला रोज नवा ऑक्सिजन मिळतो. तो चिखल वरच्या मजल्यावरच्या कॉइलमध्ये बसला, पॅकिंग रूमची आर्द्रता मर्यादेबाहेर गेली आणि क्वालिटीवाल्यांनी माझ्या नावाने कागद फाडला. टाकीचा कागद मात्र कंत्राटदाराच्या नावाने कुणी फाडला नाही.

मीटिंग झाली. त्यांचा इंजिनियर, टापटीप शर्ट, लॅपटॉप वगैरे, म्हणाला, "सर, पाणी वाढतंच मुळी अडीच टक्के. आम्ही दुप्पट दिलंय."

अडीच टक्के तर खरंच होते. २५ अंशांच्या एक घनमीटर पाण्याचं वजन ९९७ किलो भरतं, ८० अंशांना ९७१.८. म्हणजे तेच पाणी २.६ टक्के जागा जास्त मागतं. २००० लिटरवर ५२ लिटर. (युरोपातल्या कोष्टकांत सुरुवात ४ किंवा १० अंशांपासून असते, तिथे आकडा २.९ च्या आसपास येतो. आपल्याकडे नळाचं पाणी सहसा १० अंशांचं नसतं.)

पण टाकी म्हणजे रिकामी बादली नव्हे. आत रबराचा पडदा असतो, पडद्याच्या एका बाजूला हवा भरलेली असते. पाणी आत घुसतं ते हवा दाबून. १०० लिटरच्या टाकीत ५२ लिटर पाणी कोंबायचं म्हणजे १०० लिटर हवा ४८ लिटरमध्ये बसवायची, आणि तिचा दाब दुपटीहून वर जाणार. तो दाब सेफ्टी व्हॉल्व्हच्या खाली राहतो का, एवढाच प्रश्न. त्याचं गणित साधं आहे :

टाकी = वाढलेलं पाणी ÷ (१ − थंड असतानाचा दाब ÷ गरम झाल्यावर चालेल तो दाब)

थंड असतानाचा दाब उंचीवरून ठरतो. १५ मीटर पाण्याचा १.५ बार, आणि वरच्या कॉइलमध्ये हवा खेचली जाऊ नये म्हणून ०.३ जास्त. एकूण १.८. टाकीतली हवाही तेवढीच भरायची. गरम झाल्यावर चालेल तो दाब व्हॉल्व्हच्या अर्धा बार खाली, ३.५.

मी मीटिंगमध्ये हेच आकडे घातले आणि उत्तर काढलं १०७ लिटर. तो इंजिनियर हसला. "सात लिटरसाठी भांडताय?" बाकीचेही हसले. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आमच्याकडे पेडण्याचा एक फिटर होता. माझ्यापेक्षा वयाने मोठा, सगळे त्याला भाऊ म्हणायचे. पुढच्या सोमवारी त्याने फरशी पुसायची सोडून व्हॉल्व्हच्या पाइपखाली बादली लावली. दहा वाजता मला बोलावून दाखवलं : अर्धी बादली, मापाने मोजली तर नऊ लिटर. त्याच्याकडे काही सिद्धांत नव्हता, त्याला फक्त पाणी वाया जाताना बघवत नव्हतं. पण मी ती बादली बघितली आणि माझंच गणित मला टोचलं. माझ्या हिशेबाने टाकीतला दाब जायला हवा होता १.८ गुणिले १०० भागिले ४८, म्हणजे ३.७५ पर्यंत. व्हॉल्व्ह ४ चा. मग तो उघडायलाच नको होता! आणि इथे नऊ लिटर बाहेर.

चूक माझी होती. गेजवर शून्य दिसतं तेव्हा हवेचा दाब शून्य नसतो, एक बार असतो. गेज फक्त बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त ते सांगतो. हवा दबते ती पूर्ण दाबाच्या हिशेबाने. म्हणजे १.८ नव्हे २.८, आणि ३.५ नव्हे ४.५. पुन्हा केलं : १०० लिटरच्या टाकीत हवा ४८ लिटर झाली की पूर्ण दाब ५.८, गेजवर ४.८. व्हॉल्व्ह उघडणारच. गेजवर ४ होईपर्यंत टाकी फक्त ४४ लिटर घेते, उरलेले आठ लिटर बादलीत. व्हॉल्व्ह जिथे उघडतो त्याहून थोड्या खालच्या दाबाला बंद होतो, म्हणून आठाचे नऊ. आणि टाकी हवी होती ५२ भागिले ०.३७८, म्हणजे साधारण १३८ लिटरची. बाजारात मिळते त्यातली वरची घ्यायची.

तुमच्या व्हेंडरच्या पाच टक्क्यांकडे आता परत या. तेच २००० लिटर, तेच तापमान, तोच व्हॉल्व्ह. सगळ्यात उंच कॉइल ३ मीटरवर असेल तर टाकी येते ८१ लिटर, म्हणजे चार टक्के. १५ मीटरला सात टक्के. २५ मीटरला ३३० च्या पुढे, सतरा टक्के. पाणी तेवढंच वाढतंय, पण खालून वर पाणी धरून ठेवण्यातच सगळा दाब संपतो आणि हवेला दबायला वाव उरत नाही. उंची आणि व्हॉल्व्हचा आकडा न विचारता जो लिटर सांगतो, तो टाकी विकतोय, मोजत नाहीये.

नवीन टाकीचा प्रस्ताव गेला, खरेदी विभागात अडकला, ते सांगायलाच नको. मधल्या काळात भाऊ मला म्हणाला, "सायबा, ही टाकी वयर व्हरूंया." पूर्वीच्या उघड्या टाक्या गच्चीवरच असायच्या, हा त्याचा युक्तिवाद. मी आधी उडवून लावलं. मग कागद घेतला. टाकी वर नेली की तिच्यावर १५ मीटर पाण्याचं ओझं नाही. थंड असताना तिथे ०.३ बार, म्हणजे पूर्ण दाब १.३. खाली ३.५ असताना वर २, म्हणजे पूर्ण दाब ३. गणित आलं ९२ लिटर. आमची टाकी १००. त्याच टाकीने भागत होतं!

वरच्या सर्व्हिस फ्लोअरवर, छताखाली, रिटर्न पाइपला जोडून टाकी बसवली. हवेची बाजू उतरवून ०.३ ला आणली. पुढच्या सोमवारी खालचा गेज चढत ३.२ च्या आसपास येऊन थांबला. बादली कोरडी. ठिबकणारा व्हॉल्व्ह मात्र बदलावा लागला, खराब झालेली सीट आपोआप सुधरत नाही.

आता तुम्ही लगेच टाकी खांद्यावर घेऊन जिना चढू नका. टाकी जिथे जोडली तिथला दाब पंप चालू असो वा बंद, तोच राहतो. त्यामुळे तिथून पंपापर्यंतच्या पाइपात जेवढा दाब घर्षणात जातो, तेवढा पंपाच्या तोंडाशी कमी होतो. आमच्याकडे खाली १.८ होता म्हणून निभावलं. शिवाय पंप सेफ्टी व्हॉल्व्हच्या दिशेने ढकलत असेल तर पंपाचा दाबही व्हॉल्व्हवर चढतो, तो हिशेबात धरायला हवा. रबराच्या पडद्याला बहुधा ७० अंशांपर्यंतच सोसतं, म्हणून रिटर्नला, तेही थोडा पाइप मध्ये सोडून जोडायचं. आणि ९२ वर १०० हा काठावरचा हिशेब आहे, गळतीसाठी शिल्लक जवळजवळ नाही. नवीन सिस्टीम असती तर मी खालीच २०० ची लावली असती.

असलेली टाकी लहान आहे की तिच्यातली हवा गेली आहे, हे आधी तपासा. टाकी सिस्टीमपासून बंद करून तिच्यातलं पाणी पूर्ण काढा, मगच हवा मोजा. पाणी आत असताना मोजलेला आकडा सिस्टीमचाच दाब दाखवतो. टाकीच्या टोकाला स्कूटरच्या टायरसारखाच व्हॉल्व्ह असतो, टायरचा गेज चालतो. १.८ बार म्हणजे २६ पीएसआय. त्या व्हॉल्व्हमधून हवेऐवजी पाणी आलं तर पडदा फाटलाय, मग मापाची चर्चा नंतर.

सिस्टीममधलं पाणी किती, हेही व्हेंडरच्या कागदावरून घेऊ नका. भरताना मीटर लावा. नाहीतर पाइप मोजा, दोन इंची पाइपात मीटरमागे दोन लिटर पाणी असतं. बफर टँक असेल तर तो पूर्ण धरा, तो हमखास विसरला जातो.

त्या इंजिनियरशी नंतर फोंड्यात एका लग्नात गाठ पडली. मी पंगतीतच १३८ चा विषय काढला. तो म्हणाला, "पण सर, शेवटी १०० चीच टाकी चालली ना?"