मधुमेहाचा धोका गुणांत मोजणाऱ्या आयडीआरएसचा, म्हणजे इंडियन डायबेटिस रिस्क स्कोअरचा, कट-ऑफ ६० ठेवू की ५०? आमच्या डेटात युडेन इंडेक्स ६० ला सर्वात जास्त येतो.

युडेन म्हणजे पकडलेल्या रुग्णांचे टक्के आणि बरोबर सोडलेल्या निरोग्यांचे टक्के यांची बेरीज वजा शंभर; तो जास्त आला एवढ्यावर ६० धरू नका. या इंडेक्सला देव मानणाऱ्या परीक्षकांशी माझं जुनं भांडण आहे, म्हणून जरा तिखट लिहितो.

आधी एक फॉर्म बघा. बाई ४२ वर्षांच्या, २० गुण. कंबर ७८ सेंमी, शून्य. व्यायाम नाही, काम बैठं, ३०. आई मधुमेही, १०. बेरीज बरोबर ६०. आईची साखर कधी तपासलीच नसेल आणि भरणाऱ्याने ‘माहीत नाही’ला शून्य दिलं, तर ह्याच बाई ५० वर येतात. टेप निऱ्यांवरून फिरवला आणि ७८ चे ८२ झाले, तर ७०. गुण दहा-दहानेच सरकतात, म्हणून ‘माहीत नाही’चा रकाना वेगळा ठेवा आणि कंबर शेवटची बरगडी व कटीचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजा.

आता हिशेब. चेन्नईच्या २००५ च्या मूळ अभ्यासात ६० ला सेन्सिटिव्हिटी, म्हणजे रुग्णांपैकी पकडलेले, ७२.५ टक्के आणि स्पेसिफिसिटी, म्हणजे निरोग्यांपैकी बरोबर सोडलेले, ६०.१ टक्के होती. हजार लोकांत निदान न झालेले मधुमेही १०० धरा. त्यातले ७२-७३ सापडतात, आणि ९०० निरोग्यांपैकी सुमारे ३५९ जण उगाच बोलावले जातात. म्हणजे बोलावलेल्या सहांत एक खरा रुग्ण.

समजा, ५० ला उतरल्यावर आणखी १५ रुग्ण सापडले आणि १८० निरोगी वाढले. एका रुग्णामागे १२. युडेन इथे नाही म्हणेल, कारण १५ टक्के मिळवून २० टक्के गमावले. पण त्याचा अर्थ एवढाच की १०० ला ९०० या प्रमाणात तो एका रुग्णामागे जास्तीत जास्त ९ निरोगी चालवून घेतो. हजारात २० च रुग्ण असते तर त्याने ४९ चालवून घेतले असते! हा भाव कुणी ठरवला? कुणीच नाही, तो प्रमाणातून आपोआप पडला.

भाव तुम्ही ठरवा. शिबिरातच ग्लुकोमीटर असेल आणि पट्ट्या पुरत असतील, तर १२ जणांची बोटं टोचणं स्वस्त आहे, ५० घ्या. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी तालुक्याला पाठवणार असाल, तर निम्मे येणारच नाहीत आणि रांगेत खरे रुग्णही गळतील; तिथे ६० बरा.

हे सगळं तुमचे आकडे खरे असतील तर. फक्त ६० च्या वरच्यांचं रक्त तपासलं असेल, तर खाली किती सुटले ते कळणारच नाही आणि सेन्सिटिव्हिटी फुगलेली दिसेल. खालच्यांतून निदान चिठ्ठ्या टाकून काही जण तपासा आणि त्यांचे आकडे त्या प्रमाणात वाढवून धरा. आधीच गोळ्या चालू असलेले मधुमेही मात्र हिशेबातून काढा.